झाकणाच्या आतली खूण

नाशिक रोडला बिटको चौकातून स्टेशनकडे निघालं की चहाच्या हॉटेलला खेटून यादवराव क्षीरसागरांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं, होती टपरीच. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. समोर काचेची पेटी, गिऱ्हाइकासाठी एक लोखंडी स्टूल, आणि यादवरावांच्या उजव्या डोळ्याला कायमचं बसलेलं काळं भिंग. त्या भिंगाने भुवईखाली गोल वण पडला होता. त्यांची बायको वत्सलाबाई म्हणायची, आमचे हे झोपेतसुद्धा एका डोळ्याने मशीनच बघतात.

नोटांच्या प्रेसमधले कामगार हे त्यांचं मुख्य गिऱ्हाईक. प्रेसच्या माणसाला वेळेवर फाटकात शिरावं लागतं, म्हणून त्याच्या मनगटावर चांगलं घड्याळ असतं आणि त्या घड्याळाची काळजीही असते. नव्वद सालाच्या आसपास चावीची घड्याळं मागे पडून सेलची आली. धंद्यातले बरेच जण तेव्हा रेडिओ नाहीतर टीव्ही दुरुस्तीकडे वळले. यादवराव मात्र तिथेच बसून राहिले. सेल बदल, पट्टा बदल, अधूनमधून एखाद्या म्हाताऱ्याचं जुनं चावीचं घड्याळ साफ कर, यावर घर चालायचं. चैन नव्हती पण कुणाच्या दारात जायची वेळही कधी आली नाही.

माणूस तसा हेकट. "घड्याळाचं मला सांगू नका" हे वाक्य दिवसातून चारदा त्यांच्या तोंडी यायचं. आणि खरं सांगायचं तर लोकांनाही ते खपत होतं, कारण हाताला गुण होता.

त्यांच्या कामाची एक रीत होती, जी त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलेली. घड्याळ उघडलं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, सुईच्या टोकाने बारीकशी खूण कोरायची. यादवराव 'या' हे अक्षर आणि खाली साल कोरायचे. उस्ताद म्हणायचा, ज्याच्या आत हात घातला त्याची जबाबदारी आपली. उद्या काही बिघडलं तर पळता येऊ नये म्हणून सही करून ठेवायची. जुन्या कारागिरांमध्ये ही पद्धत सगळीकडे होती. बारा वर्षांनी एखादं घड्याळ परत दुरुस्तीला यायचं, यादवराव झाकण काढायचे आणि आत आपलंच अक्षर बघून खूश व्हायचे. मग गिऱ्हाइकाला भिंग देऊन ते दाखवायचे, चहा मागवायचे. नाशिक रोडच्या अर्ध्या मनगटांवर माझी सही आहे, असं ते म्हणत, आणि यात फार मोठी थाप नव्हती.

घरच्यांना द्यायचं घड्याळ असेल तर ते नवंकोरं असलं तरी उघडायचंच, आतून बघायचं, खूण करायची, मगच द्यायचं. स्वतः न बघितलेलं घड्याळ आपल्या माणसाच्या हातात द्यायचं म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला रस्ता दाखवायचा, असं त्यांचं म्हणणं. मुलगी पल्लवी दहावी पास झाली तेव्हा तिला दिलेल्या घड्याळात खूण होती. तिच्या लग्नात जावयाला दिलेल्या घड्याळातही होती.

पल्लवी एकुलती एक. लहानपणी शाळा सुटली की टपरीत येऊन त्या लोखंडी स्टुलावर बसायची आणि बापाच्या हातांकडे टक लावून बघायची. चिमट्याने एवढासा स्क्रू उचलला की श्वास रोखून धरायची, तो जागेवर बसला की सोडायची. यादवरावांना तेव्हा राजासारखं वाटायचं.

तिला इगतपुरीला दिली. जावई धनराज रेल्वेत होता, घाटातल्या रुळांच्या देखभालीवर. मुलगा निर्व्यसनी, सरकारी नोकरी, आणि घरात तो आणि त्याची आई आक्काबाई एवढीच माणसं. आक्काबाई जरा तिखट, पण सासू म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं वत्सलाबाईंनी मनाला समजावलं होतं.

दोन हजार सात साली अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला वाण द्यायचं, तेहतीस अनारसे, दिवा, कपडे आणि वर काहीतरी भारी वस्तू. आक्काबाईंनी आधीच पल्लवीच्या कानावर घालून ठेवलं होतं की शेजारच्या सुनेच्या माहेरून अंगठी आली. धनराजला अंगठीची हौस नव्हती. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याने एक घड्याळ बघून ठेवलं होतं. परदेशी कंपनीचं, स्टीलचं, पाण्यातही चालणारं. इगतपुरीचा पाऊस म्हणजे आभाळाला भोकच. घाटात रुळांवर फिरणाऱ्या माणसाची किती घड्याळं त्या पाण्याने खाल्ली होती. तो पल्लवीला म्हणाला, तुझे बाबा घड्याळाचेच आहेत, त्यांना सांग, तेच दिलं तर मला दुसरं काही नको.

यादवरावांना केवढा आनंद झाला! जावयाने आपल्या धंद्यातली वस्तू मागितली, याचंच त्यांना अप्रूप. नाशिकच्या दुकानांत चौकशी केली, ते मॉडेल कुठेच नव्हतं. एका मोठ्या दुकानदाराने सांगितलं, इंटरनेटवर मिळेल. किंमत ऐकून वत्सलाबाई खाली बसल्या. पण पहिला धोंडा, एकच मुलगी. त्यांनी आपल्या भिशीचे पैसे पुढे केले.

इंटरनेटचं काम मयूरकडे. मयूर म्हणजे चौकाच्या पलीकडे सायबर कॅफे चालवणारा तरुण, सज्जन पोरगा. रेल्वेची तिकिटं, परीक्षांचे फॉर्म, सगळं तो करून द्यायचा. त्याने ते घड्याळ शोधून काढलं, आपलं क्रेडिट कार्ड वापरतो म्हणाला, यादवरावांनी रोख पैसे त्याच्या हातात दिले. शेवटी पडद्यावर एक चौकोन आला, त्यात टिक करायची होती. मयूरने माउस थांबवला. म्हणाला, "काका, इथं परतीच्या आणि वॉरंटीच्या अटी आहेत. इंग्रजीत आहेत, पण वाचून सांगतो. भारी वस्तू आहे, ऐकून घ्या."

"अरे, घड्याळाच्या अटी मला कोण सांगणार?" यादवराव म्हणाले. "चाळीस वर्षं तेच करतोय. मार टिक."

मयूरने टिक मारली. मागे दोन पोरं तिकिटासाठी खोळंबली होती, त्यामुळे त्यानेही फार ताणून धरलं नाही.

आठवड्याभरात कुरिअरवाला टपरीवर डबा देऊन गेला. काय तो डबा! आत गादी, गादीवर घड्याळ, पाठीला पारदर्शक चिकटपट्टी, पट्ट्याला लेबल, आणि खाली घडी घातलेला कागद, त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत दहा-बारा भाषा. त्यात मराठी नव्हती. हॉटेलवाला, पानवाला, प्रेसमधून सुटलेले दोघेतिघे, सगळे बघायला गोळा झाले. यादवरावांनी कागद डब्याखाली सारला, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ हातात घेतलं.

काटे फिरवायची बाजूची चावी ओढताच त्यांच्या बोटांना कळलं. चावी किंचित सैल होती. दुसऱ्या कुणाला ती जाणवलीही नसती. गर्दी पांगल्यावर त्यांनी पाठीची चिकटपट्टी सोलली, झाकण काढलं, चावी बाहेर घेतली. चावीच्या आत पाणी अडवायला रबराची इवलीशी रिंग असते, ती एका जागी चिरलेली होती. कारखान्यातूनच तशी आलेली. नव्या घड्याळात असं क्वचित होतं, पण होतं.

आता इथे दुसरा कुणी असता तर काय करता? तुम्ही-आम्ही डबा बंद केला असता आणि मयूरकडे जाऊन म्हटलं असतं, बाबा रे, ही खराब निघाली, परत पाठव. साधी गोष्ट. पण यादवराव घड्याळजी. आयुष्यभर लोक बिघडलेलं घड्याळ घेऊन ज्याच्याकडे आले, तो बिघडलेलं घड्याळ घेऊन कुणाकडे जाईल? ते परत करावं हा विचारच त्यांच्या डोक्यात आला नाही. उलट त्यांना बरंच वाटलं. बघा, उघडलं म्हणून कळलं, नाहीतर जावयाच्या मनगटावर तसंच गेलं असतं. एवढी बारीक रिंग त्यांच्याकडे नव्हती, पण ग्रीस होतं. त्यांनी ग्रीस भरलं, चावी बसवली, झाकणाच्या आत 'या' आणि साल कोरलं, झाकण दाबून बंद केलं. मग पेल्यात पाणी घेऊन घड्याळ संध्याकाळपर्यंत बुडवून ठेवलं. काचेवर धुक्याचा टिपूसही नाही. झालं तर!

वाण थाटात झालं. धनराज पाटावर बसला, वत्सलाबाईंनी औक्षण केलं, अनारशांचं ताट हातात दिलं, आणि यादवरावांनी स्वतः त्याच्या मनगटावर घड्याळ बांधलं. आक्काबाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांना आवडलं होतं. परत जाताना पल्लवी बापाला म्हणाली, बाबा, हे फार खूश आहेत. त्या एका वाक्यावर यादवरावांचे पुढचे दोन महिने सुखात गेले.

मग इगतपुरीचा पाऊस पेटला. आषाढात एका सकाळी पल्लवीचा फोन आला. काचेच्या आतून वाफ धरलीय, आणि काटे थांबलेत. यादवराव म्हणाले, पाठवून दे, मी बघतो. पण धनराज सरळ माणूस, त्याला वाटलं, वॉरंटी आहे तर सासऱ्यांना कशाला तसदी. रेल्वेचा पास होताच. तो मुंबईला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घड्याळ देऊन आला. काही दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज जरा वेगळा होता. विचारलं, "तुम्ही हे घड्याळ उघडलं होतं का?"

"उघडलं होतं तर!" यादवराव अभिमानाने म्हणाले. "आतून बघितल्याशिवाय तुमच्या हातात कसं देईन?"

मग धनराज बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याच रविवारी धनराज आणि आक्काबाई टपरीवर आले. पल्लवी आली नव्हती. दुपारची वेळ, स्टुलावर प्रेसमधले निवृत्त रावजी बसलेले, सेल बदलायला आले होते. धनराजने घड्याळ काचेच्या पेटीवर ठेवलं आणि शेजारी सर्व्हिस सेंटरचा कागद. कागद इंग्रजीत होता, धनराजनेच त्याचा अर्थ सांगितला. घड्याळ अनधिकृत माणसाने उघडलेलं आहे. झाकणाच्या आत बाहेरच्या कारागिराची खूण आहे. त्यामुळे वॉरंटी रद्द. आणि आतले भाग मूळचेच आहेत याची कंपनी खात्री देऊ शकत नाही.

हे शेवटचं वाक्य त्याने खालच्या आवाजात वाचलं. पण आक्काबाईंनी ते उचललं. त्या म्हणाल्या, "म्हंजे मशीन बदललं. वरून कंपनीचं, आतून नाशिक रोडचं. बाई गं, जावयाच्या वाणात बी हात मारायचा? अन् वर सही पण करून ठेवलीय."

यादवरावांना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी तो इंग्रजी कागद बाजूला सारला. त्यांनी रिंग चिरलेली होती ते सांगितलं, ग्रीसचं सांगितलं, पेल्यातल्या पाण्याचं सांगितलं. जितकं सांगावं तितकं ते सारवासारव केल्यासारखं वाटायला लागलं. आक्काबाईंनी विचारलं, रिंग खराब होती तर दिलं कशाला, परत का नाय पाठवलं? खराब वस्तू कोणी वाणात देतं का? चोर नसलेल्या माणसाला चोराचं उत्तर कुठून सुचणार?

धनराज मान खाली घालून उभा होता. त्याने आईला गप्प केलं नाही. घड्याळही उचललं नाही. मायलेक रिक्षात बसून स्टेशनकडे गेले. रावजींनी आपलं घड्याळ अजून उघडायला दिलं नव्हतं, ते हळूच खिशात घातलं आणि म्हणाले, येतो मग, उद्या बघू. ते उद्या आलेच नाहीत.

त्या संध्याकाळी यादवराव मयूरच्या कॅफेत जाऊन बसले. म्हणाले, त्या दिवशी वाचणार होतास ते आता वाच. मयूरने पान उघडलं आणि एकेक ओळ मराठी करून सांगत गेला. माल मिळाल्यापासून सात दिवसांत दोष कळवल्यास बदलून मिळेल. त्यासाठी वस्तू न वापरलेली, लेबल आणि पाठीवरची चिकटपट्टी शाबूत, डबा आणि बिल सोबत हवं. त्यानंतर दोन वर्षं कंपनीची वॉरंटी, तीही फक्त कंपनीच्या अधिकृत केंद्रातच. इतर कुणी मागचं झाकण उघडल्यास वॉरंटी संपली. आणि डब्यातला कागद टपरीतच राहिला होता, तो यादवरावांनी सोबत आणला होता, त्यावर आणखी एक ओळ होती. पाणीरोधक घड्याळ एकदा उघडलं की दाबाच्या यंत्रावर पुन्हा तपासल्याशिवाय त्याच्या पाणीरोधक असण्याचा भरवसा धरू नये.

"दाबाचं यंत्र," यादवराव स्वतःशीच म्हणाले. पेल्यातलं पाणी घड्याळावर दाब देत नाही, हे त्यांना कळत होतं. घाटातला पाऊस कोनाकोपऱ्यातून मारतो, चावीवर दिवसभर ओला हात पडतो. कळत होतं सगळं, पण त्या दिवशी जावयाच्या कौतुकात ते विसरले होते.

"काका, अधिक महिना संपायला तेव्हा बराच वेळ होता," मयूर म्हणाला. "बदलून आलं असतं." बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. मी जोर करून वाचायला हवं होतं, म्हणाला. यादवराव म्हणाले, तू विचारलं होतंस, मीच हुशारी केली. आणि उठले.

दुसऱ्या दिवशी टपरी बंद ठेवून ते मुंबईला गेले. वत्सलाबाई नको म्हणत होत्या. सर्व्हिस सेंटर थंडगार, काचेचं, आणि तिथला मुलगा पल्लवीच्या वयाचा, बोलायला नम्र. त्याने घड्याळ उघडून पाहिलं. यादवरावांनी काचेतून त्याचे हात पाहिले, पोरगा चांगला कारागीर होता. यादवरावांची मागणी साधी होती. घड्याळ दुरुस्त करून नको, वॉरंटी नको, फक्त एवढं लिहून द्या की आतलं मशीन मूळचंच आहे.

मुलगा म्हणाला, "काका, मशीन आमचंच दिसतंय. पण उघडलेल्या घड्याळाबद्दल मला लेखी देता येत नाही. नियम आहे. मधल्या काळात आत काय झालं, ते मी नाही सांगू शकत."

"मी सांगतोय ना."

"तुमचं खरंच असेल," मुलगा म्हणाला. "पण झाकणात तुमची खूण आहे, माझी नाही."

तो वाईट बोलला नाही. खरं तेच बोलला. पैसे घेऊन दुरुस्त करून देतो म्हणाला, नवी रिंग, नवं मशीन, पण त्याला वॉरंटी मिळणार नाही. नवं मशीन! म्हणजे आक्काबाई म्हणतात तेच खरं करायचं. यादवरावांनी घड्याळ रुमालात बांधलं आणि परतीची गाडी पकडली. इगतपुरी आलं तेव्हा गाडी थांबली. बाहेर धो-धो पाऊस. लेकीचं घर स्टेशनापासून दहा मिनिटांवर. ते दाराशी जाऊन उभे राहिले, उतरावं की नाही ठरेना, आणि गाडी हलली.

नाशिक रोडसारख्या ठिकाणी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. रावजींनी हॉटेलात सांगितलं, हॉटेलातून प्रेसच्या फाटकात गेली. तोंडावर कुणी काही म्हणेना. उलट सगळे जास्तच गोड बोलायला लागले. पण सेल बदलायला घड्याळ देताना माणसं स्टुलावरून उठेनाशी झाली. आधी घड्याळ टाकून बाजार करून यायची, आता झाकण उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसून राहायची. बारा वर्षांपासून येणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने हसत हसत विचारलं, यादवराव, माझ्यातलं मशीन माझंच आहे ना? यादवरावही हसले. त्या दिवशी त्यांनी लवकर टपरी बंद केली आणि घरी येऊन न जेवता पडून राहिले.

जी खूण दाखवून ते चहा पाजायचे, तीच आता लोकांना चोराच्या पायाच्या ठशासारखी वाटायला लागली होती. वर्षानुवर्षं बंद असलेली झाकणं लोक दुसरीकडे नेऊन उघडायला लागले. आत 'या' दिसलं की दुकानदार डोळा मारून म्हणायचा, हं, इथेही हात लागलाय.

वत्सलाबाई एकदा फुटल्या. म्हणाल्या, अहो, चारचौघांत ओरडून सांगा ना, मी काही केलं नाही म्हणून. यादवराव म्हणाले, ओरडून काय सांगू? मी उघडलं हे खरं आहे. खराब होतं ते मला माहीत होतं, हेही खरं आहे. ते परत करायची सोय होती, तीही खरी. एवढं सगळं खरं असताना माझं एकच खरं कोण ऐकणार?

पल्लवी फोन करायची, पण मोजकंच बोलायची. सगळं ठीक आहे, बाबा. आईला सांभाळा. मागे आक्काबाईंचा आवाज ऐकू यायचा. पंचमीला ती आली नाही. गौरी-गणपतीलाही आली नाही. वत्सलाबाई अंगणाच्या दाराकडे बघत राहायच्या आणि यादवराव त्यांच्याकडे बघायचं टाळायचे.

ती आली दिवाळीत, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी. एकटीच आली, संध्याकाळच्या गाडीने परत जायचं ठरवून. स्टेशनवरून घरी न जाता ती आधी टपरीवर आली. वाळली होती. यादवरावांनी भिंग काढून ठेवलं आणि नुसतं बघत बसले. ती त्या लोखंडी स्टुलावर बसली, लहानपणी बसायची तशीच, पाय जवळ घेऊन. मग पर्समधून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं. लग्नात धनराजला दिलेलं ते जुनं साधं घड्याळ. आता तो तेच वापरत होता, सेल संपला होता.

यादवरावांचा चेहरा उजळला. जावयाने घड्याळ पाठवलं, माझ्याकडे पाठवलं, म्हणजे बर्फ वितळायला लागला, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, दे, तू घरी जा, आई वाट बघतेय, मी नीट साफ करून आणतो.

पल्लवीने घड्याळ दिलं नाही. तिने ते हातातच धरून ठेवलं, काचेच्या पेटीवर नजर लावून. मग म्हणाली, "बाबा, इथंच उघडा. माझ्यासमोर. घरी विचारतील."

यादवरावांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने मान वर केली नाही. ती सासूचा निरोप सांगत होती की तिलाही विचारायचं होतं, हे त्यांना कळलं नाही. आणि विचारायची त्यांची छाती झाली नाही.

त्यांनी भिंग लावलं. झाकण काढलं. आत 'या' होतं, त्याखाली लग्नाचं साल, सुबक, आता असं कोरता आलं नसतं इतकं सुबक. त्यांनी चिमट्याने जुना सेल काढला. पल्लवी त्यांच्या हातांकडे बघत होती. पूर्वी ती श्वास रोखून बघायची. आताही रोखूनच बघत होती. नवा सेल बसला, काटा चालू झाला. नेहमीच्या सवयीने त्यांचा हात सुईकडे गेला, नवं साल कोरायला. तो मध्येच थांबला. त्यांनी सुई परत डबीत ठेवली, झाकण दाबून बंद केलं, आणि घड्याळ लेकीच्या हातात दिलं.

"बघून घे," ते म्हणाले.

पल्लवीने ते उलटं करून, कानाशी नेऊन, नीट बघून घेतलं.